सा चुकला, ताल चुकला: गॉलवेत ऐकलेल्या धुनेचे नाव शोधताना

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहरात शॉप स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. तिथे वाहनांना मज्जाव असल्यामुळे दिवसभर पंधरा-वीस पावलांच्या अंतराने कोणी ना कोणी वाद्य घेऊन उभे असते. गेल्या वर्षी लेकीकडे लिमरिकला गेलो असताना आम्ही एक दिवस गॉलवे पाहायला गेलो होतो. परतीच्या बसची वेळ झाली होती, पाऊस भुरभुरत होता आणि लेक माझा फोन स्वतःच्या पिशवीत टाकून झपाझप पुढे चालली होती. एका बंद दुकानाच्या दाराशी मध्यम वयाचे एक गृहस्थ व्हायोलिन वाजवत होते. मी त्यांच्यासमोर अर्धा मिनिट थांबलो असेन. तेवढ्यात हाक आली, पेटीत एक नाणे टाकले आणि निघालो. धुनेचे नाव विचारायचे राहिले, कारण ते वाजवत होते आणि वाजवणाऱ्याला मध्येच थांबवणे मला जमत नाही.

आयर स्क्वेअरजवळच्या बसस्थानकापर्यंत पोहोचेतो त्या अर्ध्या मिनिटातले फारच थोडे हाती उरले होते. एका सुरावरून सुरू होऊन चार पावलांत वर चढणारी आणि वरच्या सुरावर विसावणारी एक ओळ, लगेच पुन्हा त्याच पहिल्या सुरावरून निघून थेट वर झेप घेणारी आणि मग पायऱ्या उतरत पहिल्या सुराच्याही खाली जाऊन लोंबकळत राहणारी दुसरी ओळ, एवढेच. दोन्ही मिळून जेमतेम चार सेकंदांचा ऐवज. त्याखेरीज वाजवणाऱ्याचा उजवा पाय जमिनीवर ठेका देत होता, हे डोळ्यांपुढे होते. त्या वेळी मी त्याकडे केवळ गंमत म्हणून पाहिले होते.

मी चाळीस वर्षे हौसेने पेटीची साथ करत आलो आहे, त्यामुळे कानावरचे स्वरात उतरवायची सवय आहे. बसमध्ये बसताच तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने सरगम लिहिली. ही घाई योग्य होती. मागच्या आसनावरच्या मुलाच्या फोनवर काहीतरी वाजायला लागल्यावर दहा मिनिटांत माझ्या डोक्यातली ओळ त्या गाण्याच्या वळणाने वाकू लागली, आणि तिकीट नसते तर एनिस येईपर्यंत मी दोन गाण्यांची खिचडी गुणगुणत बसलो असतो. लिहिताना ज्या सुरावरून ओळ सुरू होत होती त्यालाच मी सा मानले. ते असे होते:

सा ग॒ म प ध॒ । सा ग॒ ध॒ म ग॒ सा नि॒

शेवटचा निषाद मंद्रातला. दुसऱ्या सुराबद्दल मात्र मला खात्री नव्हती. तो कोमल गंधार होता की त्याच्या खालचा कोमल ऋषभ, हे लिहितानाच डळमळीत होते, म्हणून त्यावर प्रश्नचिन्ह घातले.

घरी पोहोचल्यावर कागद पाहिला आणि मी नको त्या वाटेला लागलो. पंचम वगळला तर ते सारे सूर मालकंसाचे होते. आयरिश रस्त्यावर मालकंस म्हटल्यावर मन साहजिकच हरखते. मधला पंचम अडचणीचा होता, पण जयपूर-अत्रौली घराण्यात संपूर्ण मालकंस गातात, त्यात ऋषभ-पंचम असतातच, असे म्हणून मी तीही अडचण निकालात काढली. एका ओळीला राग चिकटवायला माझ्यासारख्या माणसाला फारसा वेळ लागत नाही. त्यातून शोधाला मात्र काडीचीही मदत झाली नाही, कारण त्या लोकांच्या संग्रहात कोणी मालकंस शोधत नाही.

दुसऱ्या दिवशी जावयांनी फोनमधले गाणे ओळखणारे साधन वापरून पाहायला सांगितले. ते साधन ध्वनिमुद्रण ओळखते, म्हणजे एखाद्या विशिष्ट मुद्रणाच्या ध्वनीचा ठसा साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहते. माझ्याकडे मुद्रणच नव्हते. असते तरी रस्त्यावर त्या दिवशी झालेल्या वादनाचा ठसा कुठल्याही तबकडीशी जुळला नसता. गुणगुणून शोधण्याची सोयही वापरून पाहिली, पण चार सेकंद तिला पुरेनात. माझ्या गळ्यातून त्या ओळीवर नकळत मींड येत होती हेही एक कारण असावे, कारण व्हायोलिनवाल्याचा प्रत्येक सूर सुटा आणि टोकदार होता.

मग मला पार्सन्सची पद्धत आठवली. डेनिस पार्सन्स या इंग्रज लेखकाने 1975 साली धुनांचा एक कोश काढला होता. त्यात स्वर लिहिलेलेच नाहीत, फक्त पुढचा सूर मागच्यापेक्षा वर गेला, खाली गेला की तोच राहिला एवढेच नोंदवले आहे. पहिल्या सुराला तारा, वर गेल्यास U, खाली आल्यास D, तोच राहिल्यास R. माझ्या ओळीचे रूप असे झाले:

```
*UUUUDUUDDDD
```

या पद्धतीची खुबी मला इथे नीट कळली. माझा डळमळीत दुसरा सूर गंधार असो वा ऋषभ, तो पहिल्यापेक्षा वर आणि तिसऱ्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे अक्षरे बदलत नाहीत. सा कुठे आहे हे चुकले असले तरी अक्षरे बदलत नाहीत. जे मला आठवत नव्हते ते या पद्धतीला विचारायचेच नव्हते. तरीही याच रीतीने शोध घेणाऱ्या मुसिपीडिया या संकेतस्थळावर जे हाती आले ते बहुतेक युरोपीय अभिजात संगीतातले होते, आणि त्यांतले एकही माझ्या ओळीसारखे वाजत नव्हते. चूक माझी होती. असे कोश सामान्यतः रचनेच्या आरंभावरून लावलेले असतात. मी गृहीत धरले होते की मला आठवते तो आरंभच. खरे म्हणजे मी त्या गृहस्थांसमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा वादन सुरूच होते, आणि स्मरणात राहते ती ओळ पहिली असते असे नाही, सर्वांत उंच चढलेली ओळ बहुधा राहते. एवढी साधी गोष्ट तीन दिवस ध्यानात आली नाही.

दुसरी एक चूक ध्यानात आली ती ताल मोजताना. ओळीत तीन-तीनचा डुलता झोका होता, म्हणून मी तिकिटावर शेजारी ‘दादरा’ लिहून ठेवले होते. नातीच्या छोट्या कीबोर्डवर ओळ वाजवत टाळी देऊन पाहिली तर हिशेब बिनचूक बसत होता. दोन्ही ओळी मिळून अठरा मात्रा भरत होत्या, म्हणजे दादऱ्याची तीन आवर्तने. पण वाजवताना काहीतरी बोचत होते. पहिली ओळ समेवर सुरू होत होती, तर दुसरी ओळ, जी त्याच सुरावरून तशीच सुरू होते, ती चौथ्या मात्रेवर, म्हणजे खालीवर येत होती. एकसारख्या दोन आरंभांपैकी एक समेवर आणि एक खालीवर, हे अशक्य नाही, परंतु नाचाच्या साध्या धुनेत ते विचित्र आहे. तेव्हा मला तो पाय आठवला. व्हायोलिनवाल्याचा पाय दोन्ही ओळींच्या आरंभी सारख्याच जोराने पडत होता आणि प्रत्येक ओळीत तो तीनदा पडत होता. तीन ठेके, प्रत्येकात तीन मात्रा. म्हणजे ओळ नऊ मात्रांची होती. दोनदा नऊ आणि तीनदा सहा दोन्हीही अठराच भरत असल्यामुळे माझी चूक हिशेबात लपून राहिली होती.

ही नऊ मात्रांची गोष्ट मी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना सांगितली. ते टपालखात्यातून निवृत्त झालेले असून कॉन्सर्टिना वाजवतात. कॉन्सर्टिना म्हणजे आपल्या पेटीचीच हातात धरायची, सहा कोपऱ्यांची धाकटी बहीण, आणि लिमरिकच्या शेजारचा क्लेअर परगणा तिच्यासाठी प्रसिद्ध आहे.

मी त्यांना नाव विचारताच ते हसले आणि म्हणाले, “नावे मला विचारू नका. मला पाच-सहाशे धुना येत असतील, पण त्यांतल्या निम्म्यांची नावे मी कधी ऐकलेलीच नाहीत. इथे माणसे धून उचलतात, नाव मागे राहते.”

त्यांच्याकडे अशा अनाम धुनांसाठी ‘गान आन्म’ असा आयरिश शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ बिननावाची, आणि मुद्रणांच्या वेष्टनांवर तो शीर्षकाच्या जागी सर्रास छापलेला असतो. उलट एकाच धुनेला गावोगाव वेगवेगळी पाच नावे असणेही नेहमीचेच. पण त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली.

“नऊचा हिशेब असेल तर ती स्लिप जिग. सहाची असती तर जिग, आठची असती तर रील. रील शोधत बसला असतात तर वर्ष गेले असते. स्लिप जिग त्या मानाने कमी आहेत.” मग त्यांनी विचारले, “पण ती येऊन थांबते कुठे?”

या प्रश्नाने मला पुन्हा सा कडे आणले. त्यांच्या संगीतात धून कोणत्या सुराशी घरी परतते यावरून तिची वर्गवारी होते. मी तर ओळीच्या पहिल्या सुराला घर ठरवून मोकळा झालो होतो. आपल्याकडे तानपुरा सतत सांगत असतो की सा हा इथे आहे, म्हणून ऐकणाऱ्याला ही शंका कधी पडत नाही. रस्त्यावरचा एकटा व्हायोलिनवाला तानपुऱ्याशिवाय वाजवत असतो, आणि त्याच्या चार सेकंदांच्या तुकड्यात सा असेलच असे नाही.

त्या संध्याकाळी मी कीबोर्डवर त्या दोन ओळी एकामागून एक, न थांबता, चाळीस-पन्नास वेळा वाजवल्या. ठरवून आठवायचा प्रयत्न केला की काही येत नव्हते. उजळणी केल्यासारखे वाजवत राहिलो तेव्हा शेवटच्या लोंबकळणाऱ्या सुरानंतर बोटे आपोआप पहिल्या सुरावर आली आणि तिथून एकदम खाली, आतापर्यंत न वाजवलेल्या एका सुरावर उतरली. मग वर, पुन्हा तोच खालचा सूर, मग त्याच्या लगतचा सूर आणि तिथे विसावा. हा धुनेचा आधीचा भाग होता. त्यात तो खालचा सूर दर एका सुराआड येत होता, जणू व्हायोलिनवालाच मधूनमधून तानपुऱ्याची तार छेडत होता. सा सापडला, आणि माझ्या तिकिटावरचा सा प्रत्यक्षात पंचम निघाला.

आता साऱ्या ओळी नव्याने लिहिल्या. आधी सापडलेला भाग:

प ऽ सा ग॒ ऽ सा रे ऽ ऽ । प ऽ सा ग॒ ऽ सा रे सा नि॒

आणि तिकिटावरचा भाग:

प ऽ नि॒ सां ऽ रें गं॒ ऽ ऽ । प ऽ नि॒ गं॒ ऽ सां नि॒ प म

मालकंस नाहीसा झाला होता. पंचमाला सा मानले म्हणून तो दिसला होता. तेच पाच सूर खऱ्या षड्जावरून पाहिले तर सा ग॒ म प नि॒, म्हणजे धानीचे होतात. मालकंसातला तो अवघड पंचम आता शुद्ध ऋषभ झाला होता. मूर्च्छनेचा हा खेळ आपण शिकताना कागदावर मांडतो, पण तो असा अंगावर येईल असे वाटले नव्हते. धानीचाही मोह या वेळी मी टाळला. ऋषभ इथे चढतानाही ठसठशीत लागतो आणि पहिल्या भागात तर त्यावर विसावा आहे, तेव्हा रागाचे नाव देण्यात अर्थ नव्हता.

पुढचे काम सोपे होते. ‘द सेशन’ नावाचे एक संकेतस्थळ आहे, त्यावर तिथल्या वादकांनी हजारो धुना एबीसी नावाच्या लिपीत उतरवून ठेवल्या आहेत. ही लिपी आपल्याला परकी वाटू नये. सुराला अक्षर, वरच्या सप्तकाला लहान लिपीतले अक्षर, सूर लांबला तर पुढे आकडा, आवर्तन संपले की उभी रेघ. तिथे प्रकार आणि स्वरघर यांनुसार यादी गाळून घेता येते. प्रकार स्लिप जिग हे ठरलेलेच होते. स्वरघर मायनर घराण्यातले होते हे कोमल गंधारावरून उघड होते, पण पट्टी माझ्याकडे नव्हती, कारण आपल्याला धून आठवते ती सुरांच्या परस्पर अंतरांची, खरी पट्टी विसरली जाते. शेजारच्या गृहस्थांनी सुचवले की व्हायोलिनवर मायनर धून बहुधा ई वरच वाजते. म्हणून सा ला ई मानून माझी ओळ एबीसीत बदलली. प म्हणजे B, कोमल गंधार म्हणजे G, ऋषभ म्हणजे F, जो या पट्टीत आपोआप तीव्र समजायचा.

यादीत नजर फिरवताना प्रथम ‘द किड ऑन द माउंटन’ या धुनेवर थांबलो. तीही ई मायनरमधली स्लिप जिग आणि फार वाजवली जाणारी. पण तिचा आरंभ लगतच्या सुरांवर वळसे घेत चढतो आणि तिला पाच भाग आहेत. माझ्या आरंभात मात्र पंचमावरून थेट षड्जावर उडी आहे. ती बाजूला ठेवली. आणखी तीन-चार धुना अशाच पहिल्या तीन अक्षरांवरून गळल्या. मग हे समोर आले:

```
B2E G2E F3 | B2E G2E FED | B2E G2E F3 | B2d d2B AFD
```

नाव होते ‘द बटरफ्लाय’.

मी लगेच मुद्रण लावले नाही, आणि याबद्दल स्वतःला थोडे शाबास म्हणतो. नाव समोर आल्यावर ऐकलेली कुठलीही जवळपासची धून ‘हीच ती’ वाटते, इतकेच काय, आठवणही तिच्याकडे सरकते. म्हणून आधी एक कोरा कागद घेऊन त्यावर माझ्या आठवणीतला दुसरा भाग उतरवला आणि त्याखाली लिहिले की पहिल्या आवर्तनाचा शेवटचा सूर तीन मात्रा लांब असला पाहिजे, दुसऱ्या आवर्तनाचा शेवट मध्यमावर अधांतरी झाला पाहिजे. मग पानावरचा दुसरा भाग उघडला. पहिल्या आवर्तनाच्या शेवटी g3 होते, दुसऱ्याच्या शेवटी dBA. दोन्ही जुळले. त्यानंतर मुद्रण ऐकले. तिसरा भाग मला अजिबात आठवत नव्हता, ऐकल्यावर ओळखीचा वाटला, पण तो पुरावा म्हणून मी धरत नाही.

नाव मिळाल्यावर त्यामागचे थोडे शोधले. ही धून डब्लिनचे व्हायोलिनवादक टॉमी पॉट्स (1912–1988) यांच्या नावाशी जोडली जाते. जुन्या स्लिप जिगांचे तुकडे घेऊन त्यांनी तिला आजचे रूप दिले, असे वादकांमध्ये सांगितले जाते. 1975 मध्ये ‘द बॉथी बँड’ या वाद्यवृंदाने ती मुद्रित केली. शेजारच्या गृहस्थांना मी कीबोर्डवर पहिले आवर्तन वाजवून दाखवले, तर पूर्ण व्हायच्या आत त्यांनी कॉन्सर्टिना उचलून तिन्ही भाग वाजवून टाकले. धून त्यांना लहानपणापासून येत होती. मी त्यांच्याकडे पहिल्या दिवशी नऊ मात्रांची चर्चा करत बसण्याऐवजी ओळ वाजवून दाखवली असती तर काम पाच मिनिटांत झाले असते, हे मान्य करतो. कीबोर्ड घेऊन शेजारी जायचा मला संकोच वाटला होता.

त्यांनाच मी माझ्या प्रश्नचिन्हाच्या सुराबद्दल विचारले. दुसऱ्या भागातला दुसरा सूर संकेतस्थळावरच्या काही नोंदींत d आहे, म्हणजे कोमल निषाद, तर काहींत c आहे, म्हणजे कोमल धैवत. ते म्हणाले की दोन्ही चालतात, ते स्वतः कधी एक तर कधी दुसरा घेतात आणि कोणता घेतला हे वाजवून झाल्यावर त्यांना सांगता येत नाही. त्यामुळे शॉप स्ट्रीटवरच्या त्या गृहस्थांनी त्या दिवशी कोणता घेतला होता, याचा निकाल लागला नाही. तिकिटावर ‘मालकंस?’ खोडून ‘द बटरफ्लाय, स्लिप जिग, 9 मात्रा’ असे लिहिले आहे, आणि दुसऱ्या सुरावरचे प्रश्नचिन्ह तसेच ठेवले आहे.